जानेवारी कोणत्या वर्षाचा?

२०२३ मध्ये देशात जीएसटी किती जमा झाला? सरकारने दर महिन्याला जाहीर केलेले ढोबळ वसुलीचे आकडे जोडले, तर जानेवारी ते डिसेंबरची बेरीज सुमारे १९.६५ लाख कोटी रुपये येते. अर्थ मंत्रालयाने मात्र २०२३-२४ या वर्षाची वसुली २०.१८ लाख कोटी रुपये सांगितली. दोन्ही आकडे परतावे वजा करण्याआधीचे आहेत, दोन्ही त्याच मासिक नोंदींतून निघतात आणि दोन्ही बरोबर आहेत. तरीही त्यांच्यात साधारण ५३-५४ हजार कोटींचे अंतर पडते.

एप्रिल ते डिसेंबर २०२३ हे नऊ महिने दोन्ही बेरजांत आहेत. उरलेले तीन महिने वेगळे. कॅलेंडर वर्षात जानेवारी ते मार्च २०२३ येतात, तेव्हा वसुली सुमारे ४.६७ लाख कोटी होती. आर्थिक वर्षात जानेवारी ते मार्च २०२४ येतात आणि ती वसुली सुमारे ५.२१ लाख कोटी होती. एका तिमाहीच्या जागी दुसरी तिमाही आली, एवढेच झाले. पण कंपनीच्या बैठकीत, पतसंस्थेच्या सभेत किंवा दुकानदाराच्या मोबाइलवर समोर येणारा डॅशबोर्ड ‘२०२३’ एवढाच शिक्का दाखवत असेल, तर पाहणाऱ्याला यातले कोणते तीन महिने मोजले आहेत हे कळायला मार्ग नसतो.

ही गफलत भारतात वारंवार होते, कारण एक्सेलपासून पॉवर बीआयपर्यंत बहुतेक साधने काही सांगितले नाही तर वर्ष जानेवारीपासून मोजतात. एक्सेलच्या पिव्हट टेबलमध्ये तारखांचा रकाना टाकला की ते आपणहून वर्ष, तिमाही आणि महिना असे गट पाडते. त्यातली `Qtr1` म्हणजे जानेवारी ते मार्च. आपल्या हिशेबात हीच तिमाही चौथी आणि शेवटची असते. म्हणजे वसुलीची धावपळ, मार्चअखेरची बिले आणि उद्दिष्ट गाठण्याची घाई ज्या तिमाहीत असते, ती डॅशबोर्डवर वर्षाच्या सुरुवातीला जाऊन बसते आणि वर्षही पुढचे लावते.

भारतात सरकारी आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, ते १८६७ पासून. त्याआधी ते १ मे ते ३० एप्रिल असे होते. ब्रिटिश सरकारच्या हिशेबाशी मेळ बसावा म्हणून ते बदलले गेले. व्यापारी मात्र नंतरही पुष्कळ काळ आपापल्या रिवाजाने चालले. कुणाचे वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू होई, कुणाचे जानेवारीत, आणि प्राप्तिकर खात्यालाही ते चालत असे. १ एप्रिल १९८९ पासून प्राप्तिकरासाठी सगळ्यांचे वर्ष एकच झाले. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्याने कंपन्यांचे आर्थिक वर्ष ३१ मार्चलाच संपले पाहिजे असे ठरवले. परदेशी कंपन्यांशी जोडलेल्या काही कंपन्यांना परवानगीने सूट मिळू शकते, एवढाच अपवाद. एप्रिलपासूनच्या वर्षाला आक्षेपही घेतले गेले. १९८० च्या दशकात ल. कृ. झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वर्ष जानेवारीपासून सुरू करावे असे सुचवले होते, कारण अर्थसंकल्प मंजूर होतो तेव्हा पावसाळा कसा जाणार हे कुणालाच ठाऊक नसते. शिफारस मान्य झाली नाही. त्यामुळे आजही ताळेबंद, लेखापरीक्षण, विवरणपत्र आणि अर्थसंकल्प यांचे वर्ष एक आणि संगणकाचे वर्ष दुसरे अशी स्थिती आहे.

डॅशबोर्ड बनवणाऱ्याला हा मेळ स्वतः घालावा लागतो. युक्ती सोपी आहे. प्रत्येक तारीख तीन महिने मागे सरकवायची आणि मग तिचे वर्ष वाचायचे. ३१ मार्च २०२४ तीन महिने मागे नेली की ३१ डिसेंबर २०२३ होते, म्हणून वर्ष २०२३. १ एप्रिल २०२४ मागे नेली की १ जानेवारी २०२४, म्हणून वर्ष २०२४. एक्सेलमध्ये तारीख `A2` या घरात असेल, तर आर्थिक वर्ष ज्या साली सुरू झाले ते साल, तिमाही आणि महिन्याचा क्रम या तीन सूत्रांनी मिळतात:

```
=YEAR(EDATE(A2,-3))
=ROUNDUP(MONTH(EDATE(A2,-3))/3,0)
=MONTH(EDATE(A2,-3))
```

दुसऱ्या सूत्राने एप्रिल, मे, जून पहिल्या तिमाहीत जातात आणि जानेवारी, फेब्रुवारी, मार्च चौथ्या. तिसऱ्याने एप्रिलला १ आणि मार्चला १२ हा क्रमांक मिळतो. ही सरकवलेली तारीख फक्त वर्ष आणि महिना काढण्यापुरती वापरायची. ३१ मे २०२४ तीन महिने मागे नेली तर २९ फेब्रुवारी येते, कारण फेब्रुवारीला ३१ तारीखच नसते. म्हणून तिच्यातला दिवस खरा मानून चालत नाही. मूळ तारखेचा रकाना जसाच्या तसा ठेवायचा आणि ही सूत्रे शेजारच्या रकान्यांत लिहायची. पिव्हट टेबलमध्ये मग मूळ तारखेऐवजी हे नवे रकाने ओढायचे.

महिन्याच्या क्रमांकाचा रकाना अनावश्यक वाटतो, पण आलेख काढताना त्याचे मोल कळते. पॉवर बीआयमध्ये महिन्यांची इंग्रजी नावे जशीच्या तशी टाकली तर ती वर्णानुक्रमे लागतात: एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर, फेब्रुवारी. पहिला महिना एप्रिल दिसला म्हणून आलेख बरोबर आहे असे वाटते आणि घाईत पुढचा क्रम कुणी तपासत नाही. तिथे महिन्याच्या नावाचा रकाना निवडून `Sort by column` मध्ये हा क्रमांकाचा रकाना द्यावा लागतो. त्याच साधनात वर्षाच्या सुरुवातीपासून आजवरची चढती बेरीज काढताना वर्ष कधी संपते हेही सांगावे लागते. ते सांगितले नाही तर बेरीज १ जानेवारीला शून्यावर येते, म्हणजे आर्थिक वर्षाची शेवटची तिमाही सुरू होताना. सूत्राचा शेवटचा भाग त्यासाठीच असतो:

```
TOTALYTD(SUM(Sales[Amount]), 'Date'[Date], "3/31")
```

इथे `'Date'` हा तारखांचा स्वतंत्र तक्ता आहे. जाणते लोक आर्थिक वर्षाचा हिशेब प्रत्येक अहवालात नव्याने करत बसत नाहीत. ते असा एकच तक्ता बनवतात, ज्यात प्रत्येक दिवसाची एक ओळ आणि तिच्यासमोर कॅलेंडर वर्ष, आर्थिक वर्ष, तिमाही व महिन्याचा क्रम असतो. विक्री, खरेदी, पगार, वसुली असे सगळे तक्ते याला जोडले की वर्षाची व्याख्या एकाच जागी राहते. विक्रीचा डॅशबोर्ड एका माणसाने आणि खर्चाचा दुसऱ्याने बनवला, एकाने सूत्रात ४ लिहिले आणि दुसऱ्याने ३, तर नफ्याचा आकडा एका महिन्यापुरता बिघडतो आणि कारण सापडायला दिवस जातात. एका तक्त्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही.

आता नावाचा प्रश्न. वरच्या पहिल्या सूत्राने २०२३-२४ या वर्षाला २०२३ हा आकडा मिळतो, कारण ते वर्ष २०२३ मध्ये सुरू झाले. भारतीय कंपन्यांच्या सादरीकरणात मात्र याच वर्षाला `FY24` म्हणतात, कारण ते २०२४ मध्ये संपले. टॅब्लोसारखे साधन आर्थिक वर्ष एप्रिलपासून मोजायला सांगितल्यावर संपण्याचे साल दाखवते. प्राप्तिकराच्या कागदांत तर याच उत्पन्नासमोर करनिर्धारण वर्ष २०२४-२५ असे लिहिलेले असते. एकाच बारा महिन्यांची ही तीन नावे एका फाइलमध्ये आली की कुणीतरी एका वर्षाची विक्री दुसऱ्या वर्षाच्या उद्दिष्टासमोर ठेवणार हे ठरलेलेच. सरकारी पद्धतीने दोन्ही साले लिहिणे हा यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. सुरुवातीचे साल `B2` मध्ये असेल तर:

```
=B2&"-"&TEXT(MOD(B2+1,100),"00")
```

हे सूत्र २०२३ चे २०२३-२४ करते. शतक उलटले तरी १९९९ चे १९९९-०० असे लिहिते. पडद्यावर `FY24` हवेच असेल तर डॅशबोर्डच्या कोपऱ्यात ‘१ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४’ अशी ओळ लिहावी. तेवढ्या ओळीने पुष्कळ वाद टळतात.

सूत्र बरोबर, नाव बरोबर, तरीही आकडा ताळेबंदाशी जुळत नाही, असेही घडते. अशा वेळी सूत्रापेक्षा तारखेकडे पाहावे लागते, आणि या विषयातला सर्वांत कसोटीचा भाग हाच आहे.

भारतात तारीख दिवस-महिना-वर्ष अशी लिहितात, अमेरिकेत महिना-दिवस-वर्ष. ज्या संगणकावर अमेरिकी मांडणी निवडलेली असते, तो ४ मार्च २०२४ चे `04/03/2024` हे बिल ३ एप्रिल २०२४ चे समजतो. एरवी ही चूक महिन्याच्या आलेखात चढउतार घडवते, पण वर्षाची बेरीज तशीच राहते, कारण दिवस-महिन्याची अदलाबदल झाली तरी साल बदलत नाही. आर्थिक वर्षाच्या हिशेबात ती बिल उचलून दुसऱ्या वर्षात टाकते. ४ ते १२ मार्च २०२४ ची सगळी बिले अशी उलटली की एप्रिल ते डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे २०२४-२५ मध्ये जातात. उलट दिशेनेही हेच होते: १ मे २०२४ चे `01/05/2024` हे बिल ५ जानेवारी २०२४ चे ठरते आणि २०२३-२४ मध्ये मागे येते. काही रकमा पुढे गेल्या, काही मागे आल्या, की एकूण फरक लहान दिसतो आणि चूक झाकली जाते.

ती ओळखायची कशी? महिन्याचा क्रमांक १२ च्या पुढे असू शकत नाही, त्यामुळे असा संगणक `25/03/2024` ला तारीख मानतच नाही. ती नुसती अक्षरे म्हणून राहते आणि घरात डावीकडे चिकटते. खरी तारीख उजवीकडे जाते. म्हणून एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की समजावे, उजवीकडच्या तारखा उलटलेल्या असण्याची दाट शक्यता आहे. हजारो ओळींत डोळ्यांनी हे पाहणे शक्य नसते. तिथे `COUNT` आणि `COUNTA` ही दोन सूत्रे कामी येतात. पहिले फक्त आकडे मोजते, आणि एक्सेलला तारीख हा आकडाच असतो. दुसरे रिकामी नसलेली सगळी घरे मोजते. शीर्षकाची ओळ सोडून दोन्हींचे उत्तर एकच आले पाहिजे. फरक आला तर तेवढ्या ओळी अक्षरांत अडकल्या आहेत. मग फाइल नव्याने उघडताना तारखेची मांडणी दिवस-महिना-वर्ष आहे हे आधीच सांगावे लागते. डावीकडच्या तेवढ्या तारखा हाताने दुरुस्त करून काम संपत नाही, कारण उजवीकडे ठीकठाक दिसणाऱ्या तारखाच मुळात चुकलेल्या असतात.

ऑनलाइन विक्री करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक सीमा असते. त्यांचे सर्व्हर पुष्कळदा वेळ जागतिक प्रमाणवेळेत नोंदवतात, जी भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. १ एप्रिलला पहाटे दोन वाजता आलेली ऑर्डर तिथे ३१ मार्चच्या रात्री साडेआठची म्हणून लिहिली जाते. आर्थिक वर्ष काढण्याआधी साडेपाच तास मिळवले नाहीत तर १ एप्रिलच्या पहाटेची विक्री गेल्या वर्षात जाते. रक्कम थोडी असते, पण लेखापरीक्षकाच्या आकड्याशी डॅशबोर्ड जुळत नाही तो बहुधा असल्याच थोड्या रकमांमुळे.

याहून मोठा प्रश्न म्हणजे कोणती तारीख धरायची. एप्रिल २०२४ मध्ये जीएसटीची वसुली २.१० लाख कोटी रुपये झाली आणि मासिक वसुलीने पहिल्यांदा दोन लाख कोटींचा टप्पा ओलांडला. मार्च २०२४ ची वसुली १.७८ लाख कोटी होती. पाहणाऱ्याला वाटेल की नव्या वर्षाचा पहिलाच महिना जोरात गेला. पण महिन्याच्या व्यवहारांवरचा कर मासिक विवरणपत्र भरणारे व्यापारी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरतात. एप्रिलमध्ये तिजोरीत आलेल्या पैशाचा मोठा भाग मार्चमधल्या विक्रीचा असतो, आणि मार्चमध्ये सगळेच वर्ष संपवण्याच्या घाईत भरपूर बिले फाडतात. म्हणजे व्यापाऱ्याच्या विक्रीच्या डॅशबोर्डवर जो मार्च २०२३-२४ मध्ये बसतो, त्याच मार्चचा कर सरकारच्या वसुलीच्या डॅशबोर्डवर २०२४-२५ मध्ये बसतो. दोघेही एप्रिल ते मार्च हेच वर्ष धरतात. एक बिलाची तारीख पाहतो, दुसरा पैसे आल्याची.

म्हणून विक्री आणि वसुली एकाच पडद्यावर दाखवणाऱ्याने प्रत्येक व्यवहाराला दोन आर्थिक वर्षे द्यावीत: एक बिलाच्या तारखेवरून, दुसरे पैसे जमा झाल्याच्या तारखेवरून. आलेखाच्या शीर्षकात ‘बिलाच्या तारखेप्रमाणे’ किंवा ‘जमेच्या तारखेप्रमाणे’ असे स्पष्ट लिहावे. लेखापालांना ही विभागणी रोजची असते. डॅशबोर्ड बनवणारा तरुण बहुधा संगणकाच्या बाजूने आलेला असतो आणि फाइलमध्ये दिसलेला पहिला तारखेचा रकाना उचलतो. आकडा नफा-तोटा पत्रकाशी ताडून पाहायचा असेल तर हा रकाना कोणता, हे त्याने लेखा विभागाला विचारलेच पाहिजे.

चालू वर्षाची मागच्या वर्षाशी तुलना करताना आणखी एक सावधगिरी लागते. समजा सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस एखाद्याने जीएसटीचा वार्षिक आलेख पाहिला. २०२२-२३ चा खांब १८.०८ लाख कोटींचा, शेजारी २०२३-२४ चा ९.९३ लाख कोटींचा. वसुली निम्म्यावर आली असे चित्र दिसते. प्रत्यक्षात दुसऱ्या खांबात एप्रिल ते सप्टेंबर हे सहाच महिने आहेत. मागच्या वर्षाचे तेच सहा महिने घेतले तर ८.९३ लाख कोटी येतात, म्हणजे वसुली सुमारे ११ टक्क्यांनी वाढलेली असते. इथे एप्रिलला १ मानणारा महिन्याचा क्रमांक पुन्हा उपयोगी पडतो. दोन्ही वर्षांना ‘क्रमांक ६ पर्यंत’ अशी एकच चाळणी लावली की तुलना सरळ होते. कॅलेंडरचा क्रमांक वापरून ‘९ पर्यंत’ अशी चाळणी लावली, तर प्रत्येक वर्षात एप्रिल ते सप्टेंबरबरोबर त्याच वर्षाचे शेवटचे जानेवारी ते मार्चही येतात. मागच्या वर्षाचे हे तीन महिने झालेले असतात आणि चालू वर्षाचे अजून यायचे असतात, म्हणून चालू वर्ष पुन्हा विनाकारण खाली दिसते.

रोजच्या सरासरीवर काम करणाऱ्यांनी लीप वर्षाकडेही लक्ष द्यावे. २९ फेब्रुवारी २०२४ हा दिवस २०२३-२४ मध्ये आला, त्यामुळे ३६६ दिवस त्या आर्थिक वर्षाचे होते. २०२४-२५ चे ३६५.

प्रत्येक आकडा एप्रिलपासूनच मोजावा असे मात्र नाही. साखरेचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर असा धरतात. महाराष्ट्रात ऊस तोडणी आणि गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते. कॅलेंडर वर्षाने गट पाडले तर एकच हंगाम मधोमध तुटतो आणि एका वर्षात दोन हंगामांचे तुकडे एकत्र येतात. एप्रिल ते मार्च धरले तर हंगामाचा बहुतेक भाग एका वर्षात राहतो, पण गाळप एप्रिलमध्ये लांबले की शेपूट पुढच्या वर्षात जाते. त्यामुळे कारखान्याच्या उत्पादनाच्या डॅशबोर्डवर हंगामाचे वर्ष हवे आणि ताळेबंदाच्या डॅशबोर्डवर आर्थिक वर्ष. तारखांच्या तक्त्यात हंगामाचा आणखी एक रकाना घातला की दोन्ही गरजा भागतात: तारीख नऊ महिने मागे सरकवली की ऑक्टोबरचा जानेवारी होतो आणि तेच सूत्र `-3` च्या जागी `-9` घेऊन चालते.

नवा डॅशबोर्ड सुरू करण्याआधी त्याला चार तारखा देऊन पाहाव्यात: ३१ मार्च, १ एप्रिल, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी. पहिल्या दोन वेगवेगळ्या आर्थिक वर्षांत पडल्या पाहिजेत, शेवटच्या दोन एकाच वर्षात. मग एका संपलेल्या वर्षाची डॅशबोर्डवरची विक्री लेखापरीक्षण झालेल्या पत्रकाशी ताडावी. सगळ्या वर्षांची मिळून बेरीज जुळते आणि वर्षावर्षाची जुळत नाही, असे दिसले तर रक्कम हरवलेली नाही, ती एका वर्षातून दुसऱ्यात गेली आहे. अशा वेळी मार्च आणि एप्रिलची बिले आधी काढून पाहावीत.

१ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या प्राप्तिकर कायद्यात मागील वर्ष आणि करनिर्धारण वर्ष ही जोडी जाऊन ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आली आहे. त्यामुळे २०२६-२७ पासूनच्या उत्पन्नाला एकच वर्ष लागेल आणि नावांच्या गोंधळातला एक धागा सुटेल. जुन्या फाइलींत मात्र करनिर्धारण वर्षाचे रकाने राहणारच आहेत. दहा वर्षांचा आलेख काढताना अशा रकान्यातून एक वर्ष वजा करूनच ते आकडे नव्या आकड्यांच्या शेजारी ठेवावे लागतील.